चिऱ्याची भिंत, एक दांडी आणि वायफाय कॉलिंग

प्रश्न: डिचोलीकडे जुनं घर आहे, बाहेर फुल रेंज आणि आत एकच दांडी. फोनला व्होल्टे आहे तरी कॉल कट होतात. घरात फायबर आहे. वायफाय कॉलिंग चालू करून फरक पडतो का, की नवीन फोन घेऊ? कुठला?

फरक पडतो आणि चांगलाच पडतो, कारण कॉल टॉवरऐवजी घरातल्या वायफायवरून जातो, पण नुसतं बटण चालू करून गप्प बसलात तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. हे मी आमच्या घरात भोगलंय म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं घर वाळपईजवळ, आई एकटीच असते तिथे. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, वर नळे, आणि रेंज फक्त खळ्यात तुळशीजवळ. मी पणजीला असतो, रोज रात्री आठला फोन करायचो आणि ती पाऊस असला तरी छत्री घेऊन खळ्यात जाऊन बोलायची. जुलैत शेवाळावरून पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. आणि घरात फायबर येऊन तेव्हा तीन महिने झालेले. म्हणजे इलाज घरात होता आणि आई पावसात उभी राहात होती, हे मला आजही टोचतं.

आधी एक गैरसमज. व्होल्टे म्हणजे ४जी वरूनच कॉल जाणं, त्याने रेंज वाढत नाही. ४जी आत पोचत नसेल तर व्होल्टे पण नाही. आईचा जुना बटणांचा फोन स्वयंपाकघरात चालायचा आणि नवा चालत नाही याचं तिला फार नवल वाटायचं, पण कारण सरळ आहे, जुना फोन २जी वर होता, ते बहुतेक ९०० मेगाहर्ट्झवर असतं आणि भिंतीतून बरं शिरतं. ४जी चे १८०० आणि २३०० वाले बँड चिऱ्याच्या भिंतीत मार खातात. जिओला तर २जी नाहीच, २०१६ ला आला तोच ४जी वर, त्यामुळे व्होल्टे गेलं की कॉलच गेला.

मनगट मोडल्यावर मी सुट्टी टाकून घरी गेलो आणि फोन घेऊन बसलो. फोन माझ्या भावाने दुबईहून पाठवलेला सॅमसंग. त्यात Wi-Fi Calling हा पर्यायच नाही! सिमवाल्या कंपनीच्या कस्टमर केअरला तीन वेळा फोन केला, तीनही वेळा उत्तर एकच, "सर, सेटिंगमध्ये जा आणि ऑन करा." अरे बाबा, सेटिंग दिसतच नाही तर ऑन काय करू? शेवटी कळलं की अशा फोनमधलं सॉफ्टवेअर त्या देशासाठी बनवलेलं असतं आणि आपल्या कंपन्यांच्या व्होल्टे-वायफाय कॉलिंगची माहिती त्यात नसू शकते. सिम चालतं, नेट चालतं, फक्त हे चालत नाही. गोव्यात घरोघरी गल्फचे फोन आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय. आयफोनला ही भानगड सहसा नसते, तो सिम बघून सेटिंग घेतो.

मग इथल्या दुकानातून साधा भारतात विकलेला फोन घेतला. त्यात पर्याय होता, चालू केला, आणि तरीही कॉल कट! तेव्हा भावोजी आलेले, ते म्हणाले, "मी सांगत होतो ना, ही वायफाय कॉलिंग म्हणजे नुसती जाहिरात, छपरावर बूस्टर बसव." मला राग आला पण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सापडलं. फोन एअरप्लेन मोडवर टाकला, मग फक्त वायफाय चालू केलं, मिनिटभर थांबलो आणि माजघरातून मला फोन लावायला सांगितला. आवाज इतका स्वच्छ की आई दचकली. म्हणजे फायबर ठीक, सिम ठीक, फोन ठीक. भानगड त्या एका दांडीची होती. बऱ्याच फोनमध्ये मोबाईल नेटवर्कला पसंती दिलेली असते, रेंज पूर्ण गेली तरच फोन वायफायकडे वळतो. माजघरात सिग्नल मायनस ११८ च्या आसपास होता, खळ्यात मायनस ९५ (फोनच्या माहितीत सिम स्टेटसमध्ये दिसतं, मायनसचा आकडा जितका मोठा तितकं वाईट). ११८ ला फोनला वाटतं रेंज आहे, आणि बोलायला लागलं की तुटतं. शून्य रेंजपेक्षा एक दांडी वाईट, हे मी ठासून सांगतो.

वायफाय कॉलिंगच्या सेटिंगमध्येच पसंती बदलता येते, तिथे वायफाय निवडा. काही फोनमध्ये, काही सिमवर तो पर्याय दिसत नाही, मग घरात एअरप्लेन मोड आणि वायफाय हाच मार्ग. फक्त बाजारात जाताना तो काढायची आठवण ठेवावी लागते, आईने दाराला चिठ्ठी लावलीय. काही अँड्रॉइड फोनमध्ये `*#*#4636#*#*` डायल केलं की आयएमएस स्टेटस बघता येतं, तिथे वायफायवरचा व्हॉइस Available दिसला म्हणजे काम झालं.

भावोजींचं दुसरं म्हणणं होतं की व्हॉट्सअ‍ॅप कॉल कर, तेच ते. तेच ते नाही. वायफाय कॉलमध्ये नंबर तोच, समोरच्याकडे इंटरनेट नसलं, लँडलाईन असली तरी चालतं, पैसे नेहमीच्या प्लॅनमधलेच. आईला बँकेचे ओटीपीही आता घरात येतात. आणि बूस्टरबद्दल, तो परवानगीशिवाय लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे, शिवाय स्वस्त बूस्टर टॉवरकडे नुसता गोंगाट पाठवतो आणि शेजाऱ्यांचे कॉल खराब होतात. भावोजी अजून मानत नाहीत, पण चवथीला आले तेव्हा स्वयंपाकघरातूनच मुंबईला अर्धा तास बोलत होते.

आता अडचणी पण सांगतो. राउटर पुढच्या सोप्यावर असेल तर मागच्या खोलीत वायफायची पण तीच गत, आईचा फोन मी ५ गिगाहर्ट्झवरून काढून २.४ वर टाकला तेव्हा स्वयंपाकघरापर्यंत पोचला. बोलत बोलत खळ्यात गेलं की कॉल व्होल्टेवर जायला हवा, त्यासाठी व्होल्टे चालूच ठेवा, तरी मधल्या पट्टीत कधी कधी तुटतो. वीज गेली की सगळं बंद, पावसाळ्यात आमच्याकडे ते रोजचं, म्हणून राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला (अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट बघून घ्या, सगळे १२ चे नसतात). आणि ११२ किंवा १०८ साठी वायफायवर भरवसा नको, आईला सांगून ठेवलंय की तसं काही झालं तर एअरप्लेन मोड काढून खिडकीजवळ जायचं, आणि बटणांचा फोन पण चार्ज करून ठेवलाय.

फोन कुठला ते विचारलंत, तर आधी आहे त्या फोनवर ही एअरप्लेन मोडची चाचणी करा, बहुतेक खर्च वाचेल. घ्यायचाच झाला तर भारतात विकलेला घ्या आणि तुमच्या सिमवाल्या कंपनीच्या साइटवरच्या वायफाय कॉलिंगच्या यादीत तो मॉडेल आहे का बघूनच पैसे द्या.