उतारावर प्लेअर थरथरतो, टोकाला अडकतो

प्रश्न: टाइलच्या प्लॅटफॉर्मरमध्ये उतरताना प्लेअर थरथरतो, चढ संपतो तिथे अडकतो आणि वन-वे प्लॅटफॉर्ममधून कधीकधी खाली पडतो. ग्रॅव्हिटी वाढवू की फिजिक्स इंजिन घेऊ?

दोन्ही नको. ग्रॅव्हिटी वाढवायचा सल्ला ज्याला त्याला दिला जातो आणि तो चुकीचा आहे. त्याने उड्या बिघडतात, थरथर तशीच राहते.

हिशेब करून बघा. टाइल १६ पिक्सेलची, उतार ४५ अंशांचा, वेग फ्रेमला ३ पिक्सेल, ग्रॅव्हिटी ०.२५. एका फ्रेममध्ये प्लेअर ३ पिक्सेल पुढे जातो, म्हणजे जमीनही ३ पिक्सेल खाली जाते, पण पडण्याचा वेग शून्यापासून सुरू झाल्यामुळे तो पाव पिक्सेलच उतरतो. त्याला जमीन पुन्हा गाठायला २३ फ्रेम लागतात. तेवढा वेळ `grounded` खोटं असतं, पडण्याचं अ‍ॅनिमेशन लागतं आणि जंपचं बटण दाबलं तरी उडी बसत नाही. थरथर म्हणतात ती हीच.

उपाय स्नॅपचा. मागच्या फ्रेमला प्लेअर जमिनीवर असेल आणि या फ्रेमला उडी मारलेली नसेल, तर X हलवून झाल्यावर पायाखाली `abs(vx) * सर्वात तीव्र चढ + 1` इतकं अंतर शोधा. ४५ अंशांचा चढ म्हणजे १, म्हणून इथे ते ४ पिक्सेल येतं. तेवढ्यात जमीन सापडली तर पाय थेट तिच्यावर ठेवा आणि `vy = 0` करा. १६ पिक्सेलच्या कड्यावरून मात्र तो नीट पडेल, कारण ४ पिक्सेलमध्ये काहीच सापडणार नाही.

उताराची उंची काढायला प्रत्येक टाइलला १६ आकड्यांची यादी द्या, पिक्सेलच्या दर उभ्या रांगेला एक उंची, ४५ अंशांना १ ते १६. १९९१ च्या मेगा ड्राइव्हवरच्या सॉनिकमध्येही टाइलची जमीन अशाच यादीतून येते. उतारावर ही उंची हिटबॉक्सच्या तळाच्या मध्यबिंदूला विचारायची, कोपऱ्यांना नाही. मध्यबिंदूच्या टाइलमध्ये उतार नसेल तर एक टाइल वर आणि एक खाली बघायची, नाहीतर दोन टाइलच्या सांध्यावर एका फ्रेमपुरती जमीन हरवते.

आता अडकण्याचं. हिटबॉक्स १२ पिक्सेल रुंद धरा. उजवीकडे चढताना मध्यबिंदू उताराच्या टाइलमध्ये १० पिक्सेल आत आला की उजवी कड पुढच्या भरीव टाइलला भिडते. त्या वेळी पाय ११ पिक्सेल उंचीवर असतात, म्हणजे तिच्या माथ्यापेक्षा ५ पिक्सेल खाली. X ची तपासणी तिला भिंत समजते आणि प्लेअर तिथेच थांबतो. 'ज्या अक्षावर कमी घुसलाय त्या अक्षावर बाहेर ढकला' हा लाडका उपाय इथे हमखास फसतो, कारण घुसणं १ ते ३ पिक्सेल X मध्येच असतं, म्हणून तो मागेच ढकलतो. नियम साधा ठेवा: मध्यबिंदू उतारावर असेल तर पायाच्या ओळीतल्या टाइल भिंत म्हणून तपासायच्याच नाहीत. खरी भिंत असेल तर ती वरच्या ओळीतही असते आणि तिथे प्लेअर अडतोच. त्याच वेळी कोपऱ्यांखालची सपाट जमीनही दुर्लक्षित करा, नाहीतर उजवा कोपरा पुढच्या टाइलवर चढून प्लेअर ५ पिक्सेल वर उडी खातो.

वन-वे प्लॅटफॉर्मसाठी 'खाली येत असेल तर थांबव' एवढं पुरत नाही. आधीच्या फ्रेमला पाय माथ्याच्या वर होते का, हे बघावं लागतं. आणि वन-वे उतार असेल तर आधीचे पाय आधीच्या X खालच्या जमिनीशी ताडायचे. नव्या X शी ताडलेत तर चढताना नवी जमीन नेहमीच जुन्या पायांपेक्षा वर असते, अट फसते आणि प्लेअर आरपार जातो. y खाली वाढतो असं धरून:

```
function floorY(px, t) {
  const c = Math.max(0, Math.min(15, Math.floor(px) - t.x));
  return t.y + 16 - t.h[c];
}
landed = vy >= 0
  && prevBottom <= floorY(prevX, t) + slack
  && bottom >= floorY(x, t);
```

`prevBottom` हालचाल सुरू होण्याआधी साठवा. मागच्या फ्रेमला प्लेअर जमिनीवर असेल तर `slack` म्हणजे स्नॅपचंच अंतर, हवेत असेल तर 0, नाहीतर चढताना दोन टाइलच्या सांध्यावर अट फसते. प्लॅटफॉर्म स्वतः हलत असेल तर त्याचीही आधीची जागा घ्या.

दोन अपवाद राहिले. सपाट जमिनीवर मध्यबिंदू वापरू नका, तिथे दोन्ही कोपरेच हवेत, नाहीतर अर्धं अंग कड्यावर असतानाच प्लेअर पडतो. आणि खाली + जंप दाबून वन-वेमधून उतरायचं असेल तर पाय १ पिक्सेल खाली सरकवून भागत नाही, स्नॅप त्याला लगेच वर ओढतो. त्या प्लॅटफॉर्मची खूण ठेवा आणि डोकं त्याच्या खाली जाईपर्यंत स्नॅप आणि लँडिंग दोन्हीकडे तो वगळा.