सांगितलं एकीला, कळलं अख्ख्या शाखेला

"मॅडम, ऑफिसात ज्या एकाच मैत्रिणीवर विश्वास टाकला, तिनेच माझ्या घरातल्या गोष्टी बाकीच्यांना सांगितल्या. आता मी आत गेले की बोलणं थांबतं. तिला जाब विचारू, की काही झालंच नाही असं वागू? रोज तिच्याच शेजारी बसायचं आहे."

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्या तालुक्याच्या गावी एका बँकेत काउंटरला होत्या. आयव्हीएफचे उपचार चालू होते. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मधूनमधून सोनोग्राफी. सकाळचे दोन तास काउंटर कुणीतरी सांभाळायला हवं, म्हणून शेजारच्या मैत्रिणीला त्यांनी सगळं सांगितलं, गर्भाशयात गर्भ सोडायची तारीखसुद्धा. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी रक्ततपासणी होते. निकाल नकारार्थी आला. दुसऱ्या दिवशी त्या शाखेत शिरल्या तर दोघी-तिघी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि चहा देणाऱ्या मावशींनी अंगाऱ्याची पुडी पुढे केली. "सासूबाईंनाही अजून सांगितलं नव्हतं हो," एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

पहिल्या भेटीत मी त्यांना कागदावर मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. उजवीकडे वाटतं ते. डावीकडे दोनच ओळी झाल्या: अंगारा, आणि एकीने विचारलेलं "या वेळी तरी?" उजवीकडे पान भरलं. साहेबांना कळलं असणार, सगळे हसत असणार, माझी बदली करतील. रात्री झोप उडवत होतं ते सगळं उजवीकडचं. ते खोटंच असतं असं मी म्हणत नाही. पण मैत्रिणीशी बोलायचं ते डावीकडच्या दोन ओळींवरूनच, असं ठरलं.

"तू सांगितलंस का?" असं विचारलं की "नाही गं" हेच उत्तर येतं. मग पुरावा द्यावा लागतो, पुराव्यात तिसरीचं नाव येतं आणि ती तिसरीही दुखावते. म्हणून प्रश्न नको, सरळ सांगायचं: काय झालं, मला काय वाटलं, यापुढे काय हवं. मी मैत्रीण होऊन समोर बसले आणि आम्ही तालीम केली. तरी पहिल्यांदा फसलंच. वॉशबेसिनपाशी घाईत विषय काढला, मैत्रीण रडू लागली आणि माझ्या बाईच तिची समजूत काढून, माफी मागून परत आल्या! चूक माझीही होती. तालमीत मी चिडून दाखवलं होतं, रडून नाही.

दुसऱ्यांदा कॅश टॅली झाल्यावर एसटी स्टँडपर्यंत चालताना बोलायचं ठरवलं. चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि गाडी आली की बोलणं आपोआप संपतं. "तारीख तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. मावशींनी अंगारा दिला तेव्हा मला फार लागलं. यापुढे कुणी विचारलं तर 'तिलाच विचारा' एवढंच म्हण." मैत्रीण म्हणाली, "तुला कुणी टोचून बोलू नये म्हणून सांगितलं गं." मला ते खरं वाटतं. कुजबुज बऱ्याचदा काळजीच्या तोंडानेच पसरते. पण काळजीपोटी फुटलेलं गुपितही फुटलेलंच असतं, म्हणून कारण ऐकून घेतल्यावरही मागणी मागे घ्यायची नाही.

बाकीच्यांसाठी एकच वाक्य ठरवलं: "ते मी घरीच बोलते. ती स्लिप द्या बरं इकडे." दर वेळी तेच, त्याच आवाजात. खुलासा केला की पुढचा प्रश्न येतो. तेच वाक्य चार-पाचदा ऐकलं की विचारणारी कंटाळते. आणि काउंटरसाठी मैत्रिणीची मदत मागण्याऐवजी त्यांनी साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली, कारण 'वैद्यकीय' एवढंच. मैत्रीण तुटली नाही, पूर्वीसारखीही राहिली नाही. डबा अजून एकत्र खातात, विषय मात्र भाजीचे आणि मुलीच्या शाळेचे. मैत्रिणीच्या मुलीच्या.

हे सगळं अशा कुजबुजीपुरतंच. कुणी चारित्र्यावर, शरीरसंबंधांवर घाणेरडं बोलत असेल तर स्टँडपर्यंत चालत बसू नका. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखाली, दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. तिथे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, म्हणून तारीख-वारासह नोंद ठेवा. आणि दोन आठवडे झोप-भूक गेलेली असेल तर आधी डॉक्टर गाठा. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

त्या बाईंनी काही महिन्यांनी पुन्हा उपचार घेतले. या वेळी तारीख फक्त नवऱ्याला माहीत होती. मलाही त्यांनी सांगितली नाही, आणि मी विचारली नाही.