रेडिंगमधले घर आणि तीसपटीचा हिशोब

प्रश्न: "मी ऑक्टोबरमध्ये नोकरीसाठी इंग्लंडमध्ये रेडिंगला जात आहे. पगार वर्षाला 42,000 पौंड. पत्नी (तिला अजून नोकरी नाही) आणि सहा वर्षांचा मुलगा सोबत असतील. महिना 1,500 पौंड भाड्याचे दोन बेडरूमचे घर पसंत पडले आहे. अर्जाची छाननी कशी होते? नकार येऊ शकतो का?"

नकार नाही, पण 'हमीदार असेल तरच' असा सशर्त होकार येण्याची शक्यता दाट आहे, आणि त्याचे कारण साध्या गुणाकारात आहे. इंग्लंडमध्ये भाडेकरूची तपासणी करणाऱ्या बहुतेक कंपन्या वार्षिक ढोबळ उत्पन्न मासिक भाड्याच्या किमान तीसपट मागतात. हा कायदा नाही. घरमालकाची आणि त्याच्या विमा कंपनीची अट असते. तुमच्या घराला त्या हिशोबाने 45,000 पौंड लागतात. तुमच्या पगारात 1,400 पौंडांपर्यंतचे भाडे बसते, म्हणजे महिन्याला शंभर पौंडांनी घोडे अडते. हमीदार बहुधा ब्रिटनमध्येच राहणारा असावा लागतो आणि त्याच्याकडून साधारण छत्तीसपट, म्हणजे इथे 54,000 पौंड उत्पन्नाची अपेक्षा असते. पुण्यातल्या वडिलांचे निवृत्तिवेतन किंवा मुदतठेव सहसा चालत नाही.

पूर्वी यावर एक वाट होती. नवीन आलेली माणसे सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरून हा प्रश्न मिटवत असत. 1 मे 2026 पासून मात्र खासगी घरमालकाला करार होण्याआधी भाडे मागता किंवा स्वीकारताही येत नाही आणि करारानंतर, राहायला जाण्याआधी, एका महिन्यापेक्षा जास्त भाडे मागता येत नाही. त्यामुळे बँकेत पैसे आहेत म्हणून अर्ज आपोआप पुढे सरकेल, असे धरून चालू नका.

आता माझी चूक सांगतो, कारण तुमचेही उत्पन्न सीमेच्या जवळ आहे. 2022 मध्ये माझा पगार 36,000 पौंड होता आणि घर 1,250 पौंडांचे, म्हणजे गरज 37,500 ची. कंपनी स्थलांतरासाठी एकदाच 2,000 पौंड देणार होती. ते पगारात मिळवून मी अर्जात उत्पन्न 38,000 लिहिले. तपासणी कंपनीने एचआरला विचारले, तिथून 36,000 हाच आकडा आला आणि अर्ज फेटाळला गेला. वर एजंटाने घर राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या भाड्याइतकी घेतलेली 288 पौंडांची अनामत, म्हणजे होल्डिंग डिपॉझिट, ठेवून घेतली, कारण निर्णयावर परिणाम करणारी चुकीची माहिती दिल्यास 2019 च्या भाडेकरू शुल्क कायद्यानुसार ती परत करणे बंधनकारक नाही. खरा आकडा लिहून केवळ उत्पन्न कमी पडल्यामुळे नकार आला असता, तर घरमालकाने निर्णय घेतल्यापासून सात दिवसांत तीच रक्कम परत मिळाली असती. तुमच्या घराला ही अनामत जास्तीत जास्त 346 पौंड होईल. ती भरण्याआधीच एजंटाला ईमेलवर पगाराचा मूळ आकडा कळवा आणि 'बोनस धरता का, धरत असल्यास किती' हे विचारा. करारात हमी दिलेला भत्ता काही ठिकाणी धरतात; एकदाच मिळणारा मात्र नाही.

तपासणी कंपनी तुमच्या नोकरीच्या ठिकाणाहून आणि आधीच्या घरमालकाकडून संदर्भ मागवते; त्यात बहुतेक वेळा दिरंगाई होते ती उत्तर न आल्यामुळे. नोकरीची खातरजमा कंपनीच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरूनच झाली पाहिजे; जीमेलवरून आलेले उत्तर संशयास्पद ठरते. रुजू होण्याची तारीख आणि पगार लिहिलेले नियुक्तिपत्र जोडा. पुण्यातील घरमालकाला प्रश्नावली येणार आहे हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती स्पॅममध्ये पडून राहते. त्याच्या जोडीला नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि भाडे जमा केल्याच्या बँक नोंदी द्या. ब्रिटनमध्ये तुमचा पतइतिहास कोरा असेल, पण कोरा इतिहास आणि थकबाकीचा इतिहास यांत तपासनीस फरक करतात.

राहणाऱ्यांच्या रकान्यात तिघांचीही नावे लिहा. मुलाचे फक्त नाव आणि वय लागेल. पत्नी प्रौढ असल्यामुळे तिच्या राहण्याच्या हक्काचीही तपासणी होईल. त्यासाठी दोघांनाही आपापल्या ई-व्हिसावरून शेअर कोड, म्हणजे घरमालकाला तुमचा हक्क ऑनलाइन तपासता येईल असा क्रमांक, काढावा लागेल. ती सहभाडेकरू असेल की केवळ परवानगी असलेली रहिवासी, हे घरमालक ठरवतो. सहभाडेकरू झाली तर आज तिचे उत्पन्न शून्य धरले जाईल, पण भाड्याची संपूर्ण जबाबदारी तिच्यावरही येईल.

तिला नोकरी मिळाली आणि नियुक्तिपत्र हाती आले, तर दोघांचे उत्पन्न एकत्र धरतात आणि तुमच्या बाबतीत तिचे वर्षाला 3,000 पौंडही पुरतात. तोवर 1,400 पौंडांच्या आतली घरे पाहा. हेच घर हवे असेल, तर हमीदाराशिवाय अर्ज विचारात घेतील का, हे अनामत भरण्याआधी एजंटाकडून लेखी घ्या.