नकाराचा ईमेल मुलीनेच लिहावा, आणि याच आठवड्यात

‘मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीतून सिव्हिल झाली. एप्रिलमध्ये तिला युरोपात मास्टर्स करायला इरास्मस मुंडुसची शिष्यवृत्ती मिळाली, तिने ईमेलने होकारही दिला. आता गेटच्या जोरावर आयआयटीत एम.टेक.ला हवा तो भूजलाचा विषय मिळाला, तर तिने तीच जागा पक्की केली. महिना १,४०० युरो सोडून १२,४०० रुपये! इकडे नातेवाइकांत पेढे वाटून झालेत. मी म्हणतो, तिकडे काही कळवू नको, ऑगस्टपर्यंत दोन्ही हातात राहू दे. फारच विचारलं तर तिच्या ईमेलवरून मीच तब्येतीचं कारण देऊन वर्षभराची मुदत मागेन. नाही म्हटलं की कायमचं काळ्या यादीत टाकतात असं ऐकलंय. तुम्ही तिला समजवा.’
— एक वडील, दांडिया बाजार, बडोदे

नमस्कार.

तिला समजवायला मी बसणार नाही. तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती तिच्या निर्णयाची नाही, ‘तिच्या ईमेलवरून मीच’ या शब्दांची. ती पदवीधर आहे. अर्ज तिने केला, होकार तिने दिला. तिच्या नावाने तुम्ही लिहिलेलं पत्र हे तिचं खोटं विधान म्हणून तिकडच्या फाइलमध्ये राहील, तुमचं नाही. शिवाय तब्येतीचं कारण दिलंत की पहिल्याच उत्तरात डॉक्टरचा दाखला मागतील. मग तो कुठून आणणार? भूजलावर काम करणारी माणसं जगात फार नाहीत. इरास्मस मुंडुसचा समन्वयक हा त्याच विषयातला प्राध्यापक असतो. चार वर्षांनी पीएच.डी.साठी ती ज्या दारात उभी राहील, तिथे तोच बसलेला असू शकतो. जुलैमध्ये आजारी असलेली मुलगी त्याच जुलैत आयआयटीत रुजू झाली, हे कळायला त्याला एक सर्च पुरेल.

पेढ्यांचं म्हणाल, तर ते निवड झाली म्हणून वाटले होते आणि निवड खरीच झाली होती. आत्या, मामा काय म्हणतील याचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवू नका. तिने मन बदलण्याचं कारण तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत आणि पैशांवर मात्र थांबलात. त्या १,४०० युरोंत राहणं, जेवण, विमानाचं तिकीट, व्हिसा आणि एका देशातून दुसऱ्या देशात बिऱ्हाड हलवणं, सगळं बसवायचं असतं. तो दोन वर्षं जगण्याचा खर्च आहे, पगार नव्हे. आयआयटीचे १२,४०० सुद्धा तसेच. दोन्हीकडून घरी काही येणार नव्हतं, त्यामुळे ही तुलना सोडा.

आता गैरसमजाकडे वळते. आयआयटीच्या प्रवेशाच्या पोर्टलवर ‘रिटेन अँड वेट’ नावाचा पर्याय असतो. हातातली जागा धरून पुढच्या फेरीची वाट बघता येते आणि नियमच तसा असल्याने त्यात कुणाची फसवणूक नाही. तुम्हाला वाटतंय की इरास्मस मुंडुसमध्ये गप्प बसणं म्हणजे तेच. तसं नाही. तिथे वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं मिळून एक अभ्यासक्रम चालवतात आणि एका तुकडीला मोजक्याच शिष्यवृत्त्या असतात. मुख्य यादीच्या खाली राखीव यादी असते. वरच्या एकाने नाही म्हटलं की खालच्या पहिल्याला विचारतात. म्हणजे तुमच्या मुलीचं मौन रिकाम्या खुर्चीवर ठेवलेल्या रुमालासारखं आहे. काळ्या यादीचं म्हणाल, तर नियम अडवतो तो आधी ही शिष्यवृत्ती घेतलेल्याला. तुमच्या मुलीने विद्यार्थी-करारावर सही केलेली नसेल आणि एकही युरो घेतलेला नसेल, तर तिने ती ‘घेतली’ असं होत नाही. पुढे पुन्हा अर्ज करायचा झाला तर त्या वर्षीची नियमावली वाचावी, एवढंच. आणि वर्षभराची मुदत साधारणपणे मिळत नाही, कारण पैसे त्या तुकडीचे असतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ग्वाल्हेरची एक मुलगी होती, अशाच एका राखीव यादीत पहिली. तिला २० जुलैला फोन आला की वरच्याने आत्ता कळवलं, येतेस का? तिने पाच मिनिटांत हो म्हटलं. पण दीर्घ मुदतीच्या व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायलाच ऑगस्ट उजाडला आणि पासपोर्ट हातात आला तेव्हा वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. जागा गेली. वरच्या मुलाने मनातून मे महिन्यातच ठरवलं होतं, कळवायचं तेवढं राहिलं होतं. त्या मुलीचा आवाज मला अजून आठवतो, म्हणून मी या बाबतीत कडक आहे.

तेव्हा हे याच आठवड्यात करा. म्हणजे तिला करू द्या.

आधी तिने शिफारसपत्रं देणाऱ्या दोन्ही सरांना स्वतः भेटून सांगावं. युनिव्हर्सिटी काही दूर नाही. तिकडून त्यांच्या कानावर आलं तर त्यांना वाईट वाटेल आणि पुढची शिफारसपत्रं त्यांच्याकडूनच लागणार आहेत. मग ज्या ईमेलवरून अर्ज केला, त्याच ईमेलवरून, निवडीच्या पत्रात दिलेल्या पत्त्यावर लिहावं. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव, अर्ज क्रमांक आणि ‘शिष्यवृत्ती व प्रवेशातून माघार’ हे शब्द हवेत. लिहायचं इंग्रजीत, पण आशय असा ठेवावा:

‘एप्रिलमध्ये मी आपली शिष्यवृत्ती स्वीकारल्याचं कळवलं होतं. ती शिष्यवृत्ती आणि प्रवेश, दोन्हींतून मी माघार घेत आहे. भारतात भूजल विषयातल्या एम.टेक.ला मला प्रवेश मिळाला असून मी तो निवडला आहे. होकार दिल्यावर हे कळवावं लागत आहे, त्यामुळे आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व. माझी जागा राखीव यादीतल्या उमेदवाराला वेळेत देता यावी म्हणून लगेच कळवत आहे. निवड समितीने माझ्या अर्जाला दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे. माघार नोंदवल्याची पोच कृपया द्यावी.’

यात भर घालू नका. मुली अशा पत्रात घरची परिस्थिती, आईची तब्येत, द्विधा मनःस्थिती असं पानभर लिहितात आणि माघार घेतली की नाही हेच वाचणाऱ्याला कळत नाही. पहिल्या दोन वाक्यांत नकार स्पष्ट दिसला पाहिजे. ‘शिष्यवृत्ती आणि प्रवेश’ हे दोन्ही शब्दही हवेतच. नुसती शिष्यवृत्ती सोडली असं लिहिलं तर ती स्वतःच्या खर्चाने येणार आहे असा अर्थ निघू शकतो आणि मग फीचं पत्र दारात येतं.

पोर्टलवर नकाराचं बटण असेल तर तेही दाबावं, पण ईमेलच्या बदल्यात नव्हे. पोच आली नाही तर पाच कामाच्या दिवसांनी तोच ईमेल पुन्हा पाठवावा. आलेली पोच पीडीएफ करून ठेवावी, पुढच्या कुठल्याही अर्जात ‘पूर्वी शिष्यवृत्ती मिळाली होती का’ असा रकाना आला की ती कामाला येते.

विद्यार्थी-करारावर सही झाली असेल तर मात्र मी वर लिहिलेला मजकूर पुरणार नाही. करारातलं माघारीचं कलम वाचून, त्याचा क्रमांक देऊन लिहावं लागेल. तसं असेल तर करार मला पाठवायला तिला सांगा. आणि व्हिसाची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली असेल, तर तीही आजच रद्द करायला सांगा. तो स्लॉट दुसऱ्या कुणालातरी हवा आहे.