ट्रक ड्रायव्हर सुटला, मग भरपाई बुडाली का?

"दादा ट्रकच्या धडकेत गेला, कोर्टाने ड्रायव्हरला निर्दोष सोडलं, आता नुकसानभरपाईची केसपण गेली का? दिवाणी-फौजदारीत फरक काय?"

नाही गेली. ड्रायव्हरवरची केस तुमची नव्हतीच, कागदावर बघा, 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं असेल, कारण तिथे सरकार त्याला शिक्षा करायला बघत असतं आणि माणूस जेलात जाऊ शकतो म्हणून पुरावा वाजवी संशयापलीकडचा लागतो. एकच साक्षीदार होता आणि तो उलटला, झालं, संशयाचा फायदा आरोपीला.

मोटार अपघात न्यायाधिकरणात मात्र प्रश्न एवढाच असतो की ड्रायव्हरचा निष्काळजीपणा असण्याची शक्यता जास्त दिसते की नसण्याची. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मागे बसलेल्याची साक्ष, एवढ्यावरही काम होतं, आणि फौजदारी कोर्टातली सुटका तिथे बंधनकारक नसते.

इथे जेल वगैरे काही नाही, फक्त पैसे, तेही बहुतेक वेळा विमा कंपनी देते. समजा दादा ३२ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिना १५,०००, घरी बायको आणि दोन मुलं. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २१,०००, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, राहिले १४,०००, गुणिले १२, गुणिले १६ (हा आकडा वयावरून ठरतो) म्हणजे २६,८८,००० रुपये, वर अंत्यविधी वगैरेचे थोडे. उत्पन्नाचा कागद नसेल तर मात्र इथेच मार खाल, तेव्हा बँक पासबुक आधी शोधा.