शुगर आणि आखडलेला खांदा

आईला ५२ वर्षं, शुगर आहे. तीन महिन्यांपासून खांदा आखडलाय, रात्री झोप नाही. व्यायामाने कधी सुटेल?

रात्री ठणकतोय म्हणजे पहिला, दुखरा टप्पा चालू आहे. आत्ता कुणालाही हात ओढून मोकळा करू देऊ नका, दुखणं वाढतं. आईंनी टेबलाला धरून पुढे वाकावं, दुखरा हात सैल सोडून मिनिटभर हलकेच गोल फिरवावा, दिवसातून तीनदा. नंतरची कळ बराच वेळ राहिली, तर जास्त झालं समजा.

पुढे ठणका ओसरेल, पण हात ब्लाउजच्या हुकापर्यंत पोचणार नाही. तेव्हा भिंतीवर बोटं चढवायला लागा. एकूण दीड-दोन वर्षं धरा; मधुमेहात जास्तही लागतात, थोडा ताठरपणा राहूही शकतो. खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर काही दिवस शुगर चढते, रोज तपासा.