ऊन नाही, उजेड आहे: बाल्कनी नर्सरीच्या टॅगलाइनबद्दल

प्रश्न: «बाल्कनीत ठेवायच्या झाडांची छोटी नर्सरी सुरू करतेय. गिऱ्हाईक म्हणजे फ्लॅटमधली माणसं, ऊन जेमतेम आणि वेळ त्याहून कमी. ‘निसर्ग तुमच्या दारी’, ‘हिरवं स्वप्न, तुमच्या घरी’ आणि ‘ऊन नको, वेळ नको’ अशा तीन ओळी सुचल्यात. कुठली घेऊ? की दुसरी काही सुचवाल?»

पहिल्या दोन सोडून द्या. नर्सरीचं नाव हाताने झाकून त्या ओळी वाचा. खाली बिल्डरचं नाव घातलं तरी त्या तितक्याच शोभतील, आणि भिंतीच्या रंगाच्या डब्यावरही खपतील. तुमच्या गिऱ्हाइकाची अडचण त्यांत कुठेच नाही.

तिसरीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण जवळपास तीच ओळ मी एकदा विकली आहे आणि पस्तावलो आहे. जाहिरातीच्या ओळी लिहिणं हा माझा धंदा. एका नर्सरीला मी ‘ऊन नको, कटकट नको’ दिली होती. मालक खूश, मी खूश, सुरुवातीला विक्रीही झकास. मग कुंड्या परत यायला लागल्या. एक बाई झीझीची कुंडी घेऊन आल्या तेव्हा मी तिथेच बसलो होतो. देठ पिवळे पडून आडवे झालेले. मालकाने एक देठ हलकेच ओढला, तर तो मुळापासून सुटून हातात आला. बुडाशी तपकिरी, बोटाने दाबला की लिबलिबीत, आणि मातीला गटारासारखा वास. चौकशी केल्यावर कळलं की कुंडी बिनखिडकीच्या बाथरूममध्ये होती आणि रोज सकाळी दात घासताना तिला अर्धा मग पाणी मिळत होतं. «ऊन नको असं तुम्हीच लिहिलंय ना? मग पाणी तरी नीट घालावं म्हटलं,» असं त्या म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती, ओळ माझी होती.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. मराठीत ऊन आणि उजेड हे दोन वेगळे शब्द आहेत आणि झाडांच्या धंद्यात त्यांतला फरक फार मोठा आहे. ऊन म्हणजे थेट अंगावर पडणारं. ते नसलं तरी झीझी, स्नेक प्लांट, मनी प्लांट, अ‍ॅग्लोनिमा ही मंडळी जगतात. पण उजेड सगळ्यांना लागतो, कारण झाड आपलं अन्न त्यावरच करतं. ‘आमच्याकडे ऊन येत नाही’ असं म्हणणाऱ्या दोन माणसांपैकी एकाची बाल्कनी दिवसभर उजळ सावलीत असते आणि दुसऱ्याला भर दुपारी दिवा लावावा लागतो. दोघांचं वाक्य मात्र एकच. त्यात आपले डोळे फसवतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो आणि घराच्या आतल्या बाजूला कित्येकदा दोन-तीनशेच. डोळा लगेच जुळवून घेतो, म्हणून आपल्याला खोली ‘चांगली उजेडाची’ वाटते. झाडाला तशी सोय नाही.

आता तुमच्या गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या अडचणीकडे या. ऊन कमी आणि वेळ कमी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं वरवर वाटतं, आणि म्हणूनच तुमच्या ओळीत त्या शेजारी शेजारी नुसत्या मांडलेल्या आहेत. खरं तर एक दुसरीवरचा उतारा आहे. उजेड कमी असला की झाड हळू वाढतं, पानांतून पाणी कमी उडतं, मुळं कमी पितात. माती दिवसचे दिवस ओली राहते. अशा कुंडीत रोज पाणी पडलं की मातीतल्या हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरतात आणि कुजतात. सावलीतलं झाड तहानेने मरण्यापेक्षा मायेने मरण्याची शक्यता जास्त. झीझीच्या मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात आणि त्यांत पाण्याचा साठा असतो, त्यामुळे दोन-तीन आठवडे कुणी पाहिलं नाही तरी ती ठणठणीत राहते. म्हणजे ज्याला वेळ नाही, जो पाणी घालायला विसरतो, तोच सावलीतल्या झाडाचा उत्तम मालक. टॅगलाइन या जोडणीतून यायला हवी.

मग मी ‘नको’, ‘नाही’, ‘कमी’ हे सगळे शब्द बाजूला ठेवले आणि शोधायला लागलो की ऊन नसतं तिथे काय असतं. सावली असते. शब्द नुसता सुखद नाही, खराही आहे, कारण सावली पडायला उजेड लागतो. काळोखात सावली नसते. बाथरूमवाला प्रश्न त्या एका शब्दात निम्मा सुटतो. वेळ नसतो तेव्हा आपण काय म्हणतो? ‘सवड नाही.’ आणि तेच उलटं केलं की ‘सवडीनं करा’, म्हणजे घाई नाही, जमेल तेव्हा. सावली आणि सवड शेजारी आल्यावर पुढचं काम कानाने केलं.

पहिला खर्डा होता ‘सावलीतली झाडं, सवडीचं पाणी’. कागदावर छान दिसला. फोनवर बायकोला वाचून दाखवला, तर तिने विचारलं, «किती टक्के?» तिने ‘सवलतीतली झाडं’ ऐकलं होतं! रिक्षावरून किंवा लाउडस्पीकरवरून ही ओळ गेली असती तर लोक डिस्काउंट मागत आले असते. शिवाय ‘सवडीचं पाणी’ जरा ओढूनताणून वाटत होतं. बोलताना आपण ‘सवडीनं’ म्हणतो. म्हणून शेवटची ‘ली’ कापली, ‘चं’ बदललं आणि उरलं ते असं:

सावलीत झाडं, सवडीनं पाणी.

माझ्या मते तुम्ही ही घ्यावी. चार शब्द, दोन्ही अर्ध्यांची चाल एकच, आणि पहिलं अर्धं दुसऱ्याचं कारण आहे. फलकावर पहिल्या अर्ध्यानंतर ओळ मोडली तरी अर्थ मोडत नाही, हेही लहान दुकानाला महत्त्वाचं. ‘सवडीनं’ऐवजी प्रमाण ‘सवडीने’ लिहायचा मोह होईल. बिलावर, पावतीवर हवं ते लिहा, पण फलकावर बोलीतलंच राहू द्या, नाहीतर ती सरकारी सूचना वाटते.

ही ओळ लावल्यावर दुकानात दोन गोष्टी बदलाव्या लागतील, नाहीतर तीही माझ्या जुन्या ओळीसारखी उलटेल. एक म्हणजे दर्शनी मांडणी. ओळीखाली गुलाब, मोगरा, जास्वंद ठेवलेत तर तुमची पाटी खोटं बोलेल, कारण त्यांना काही तास थेट ऊन लागतंच; सावलीत ती जगली तरी फुलत नाहीत. फर्नही पुढे नको. त्याला सावली चालते, पण माती सुकलेली खपत नाही, म्हणजे ओळीचा पहिला भाग पाळतो आणि दुसऱ्यात नापास होतो. पीस लिली अधलीमधली आहे: तहान लागली की पानं मान टाकतात आणि वेळेवर पाणी मिळालं की काही तासांत उठून बसतात. विसरभोळ्या माणसाला हे झाड स्वतःच आठवण करून देतं, म्हणून मी ती ठेवेन, पण हे सांगून. पांढरे पट्टे असलेला मनी प्लांट घेणाऱ्यालाही आधीच सांगा की कमी उजेडात नवी पानं बहुधा जास्त हिरवी येतील, पट्टे फिके पडतील. नाहीतर ‘झाड बदलून दिलंत’ अशी तक्रार येते.

दुसरं म्हणजे गल्ल्यावरचा प्रश्न. ‘ऊन येतं का?’ असं विचारू नका. विचारा, ‘दुपारी हाताची सावली पडते का?’ कुंडी ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवायचा आणि त्यावर साधारण वीतभर उंचीवर तळवा धरायचा. बोटं स्पष्ट दिसली तर उजेड भरपूर. कडा पुसट पण हाताचा आकार ओळखू येतो, तर तुमच्या पुढच्या मांडणीतलं जवळजवळ काहीही चालेल. कागदावर नुसता धुरकट डाग आला तर झीझी किंवा स्नेक प्लांट, आणि तेही वाढेल अशी आशा न ठेवता. काहीच दिसलं नाही तर झाड विकू नका. चाचणी ढोबळ आहे, ढगाळ दिवशी फसवते, आणि ऋतूप्रमाणे सूर्य सरकला की त्याच बाल्कनीचा निकाल बदलतो. पण गिऱ्हाइकाला घरी जाऊन करता येते, आणि पाटीवरचा ‘सावली’ हा शब्द त्याच्या डोक्यात पक्का बसतो.

पाण्याबाबत कुणी हमखास म्हणेल की ‘सवडीनं’ फार मोघम आहे, त्यापेक्षा ‘रविवारचं पाणी पुरे’ ठेवा. ती ओळ मलाही मोहात पाडत होती. लक्षात राहते आणि वार ठरवून देते. अडचण अशी की सावलीतल्या झीझीला दर रविवारी पाणी म्हणजे जास्तच, आणि वाऱ्याच्या बाल्कनीत लहान कुंडीतल्या पीस लिलीला तेवढंच कमी पडेल. वार ठरवला की माणूस माती न बघता पाणी घालतो. त्यामुळे वार नको, खूण द्या. प्रत्येक कुंडीत एक पट्टी खोचा आणि तिच्यावर लिहा: ‘बोट दोन पेरं आत घाला. ओलं लागलं तर आज सुट्टी.’ झीझी आणि स्नेक प्लांटच्या पट्टीवर मात्र ‘कुंडी उचला. हलकी लागली तरच पाणी’ हे बरं, कारण त्यांची माती तळापर्यंत सुकायला हवी आणि दोन पेरांना ते कळत नाही. कुंडीला बुडाशी भोक आहे ना, आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं आहे, हे तोंडी सांगा. पट्टीवर तेवढी जागा नसते.

फलक रंगवायला देण्याआधी ओळ फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चार-पाच जणांना फोनवर एकदाच म्हणून दाखवा, लिहून पाठवू नका. दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारा, ‘काय विकते मी?’ कुणी ‘घरातली झाडं, फार बघावं लागत नाही ती’ असं म्हणालं तर शब्द विसरला असला तरी चालेल. ‘बाग करून देता ना?’ असं उत्तर आलं तर ओळीखाली ‘कुंडीतली झाडं’ एवढं बारीक अक्षरात घाला. आणि रंगाऱ्याला ‘सावलीत’मधला काना दोनदा दाखवा.